किती वह्या विकल्या म्हणजे पदरचे जाणार नाहीत: एका ब्रेक-इव्हन तक्त्याचे साडेचार महिने

२६ सप्टेंबरला कर्जमंजुरीचं पत्र हातात पडलं. अर्ज दिला होता १२ मेला. मधले साडेचार महिने कागदपत्रांत गेले असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं म्हणजे त्यातला निम्म्याहून जास्त वेळ एकाच पानावर गेला. ब्रेक-इव्हनचं पान, म्हणजे ना नफा ना तोटा या रेषेवर यायला महिन्याला किती नग विकावे लागतील, आणि किंमत बदलली तर तो आकडा किती हलेल याचा तक्ता. हे पान करताना मी ज्या ज्या ठिकाणी अडकले, ती सगळी इथे तारीखवार लिहून ठेवते आहे. ज्यांना असंच पान करायला सांगितलं गेलंय आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाहीये, त्यांच्यासाठी.

आधी माझं काम काय ते सांगते. मी आणि माझी थोरली बहीण हाताने शिवलेल्या, कापडी बांधणीच्या वह्या करतो. वर्षभर घरातल्या एका खोलीत करत होतो, १८० ला एक विकत होतो आणि महिन्याला साधारण ७०० जात होत्या. बहुतेक विक्री एका ऑनलाइन मंचावरून होते, तो विक्रीच्या किमतीवर १० टक्के कमिशन घेतो. आता स्वतंत्र जागा भाड्याने घ्यायची, कागद कापायचं यंत्र घ्यायचं आणि एक मदतनीस पगारावर ठेवायचा, असं ठरलं. त्यासाठी २,००,००० चं कर्ज हवं होतं, पाच वर्षांच्या मुदतीचं.

परत आलेला अर्ज

१२ मेला अर्ज दिला. प्रोजेक्ट रिपोर्ट दहा पानी होता आणि त्यात वहीची किंमत २०० धरली होती. २१ मेला पत्र आलं, "ब्रेक-इव्हन आणि किंमतबदलाचा परिणाम दाखवणारा तक्ता जोडलेला नाही, ३० दिवसांत पूर्तता करावी." इतकंच. नमुना नाही, फॉर्म नाही. मी फोन केला तेव्हा तिथल्या अधिकारी सरांनी सांगितलं की ठरावीक नमुना नसतो. एक्सेलमध्ये करा, छापील प्रत आणि फाइल दोन्ही द्या.

सूत्र मला माहीत होतं, शाळेतल्या पुस्तकात असतं तसं. स्थिर खर्चाला प्रत्येक नगामागे उरणाऱ्या रकमेने भागायचं. एका वहीची किंमत वजा त्या एका वहीवर होणारा बदलता खर्च, ही झाली उरलेली रक्कम. पुस्तकात तिला अंशदान म्हणतात. ही रक्कम आधी भाडं, पगार वगैरे भरून काढते, आणि ते भरून झालं की पुढच्या प्रत्येक वहीचं अंशदान हा नफा. सूत्र एवढंच आहे. अडचण सगळी त्यात घालायच्या आकड्यांत निघाली.

२४ मे: पहिली शीट

एका रविवारी बसले. बदलता खर्च सोपा वाटला, कारण प्रत्येक वहीला काय लागतं ते आमच्या बोटांना पाठ आहे. कागद ४८, पुठ्ठा आणि कापड ३५, दोरा आणि डिंक ७, पॅकिंग १०, कुरिअर २०. बेरीज १२०. त्यात २०० वर १० टक्के कमिशन, म्हणजे २०. एकूण १४०. हा १४० मी सरळ एका सेलमध्ये टाइप केला. ही माझी सगळ्यात मोठी चूक होती, पण ती कळायला महिना जावा लागला.

स्थिर खर्चात मी जे दिसेल ते टाकलं. भाडं १३,०००, मदतनिसाचा पगार १४,०००, वीज-फोन-इंटरनेट ३,०००, किरकोळ दुरुस्ती १,०००, विम्याचा हप्ता १२,०००, कर्जाचा हप्ता ४,२५०. बेरीज ४७,२५०. भागिले ६०, म्हणजे ७८७.५, म्हणजे ७८८ वह्या. अर्धी वही विकता येत नाही, म्हणून इथे नेहमी वरचाच पूर्णांक घ्यायचा. ७८७ वर थोडा तोटाच राहतो.

मग किमतींचा तक्ता. एक्सेलमध्ये Data टॅबवर What-If Analysis आहे आणि त्यात Data Table. हे मी कधीच वापरलं नव्हतं. रचना अशी लागते: किमती एका स्तंभात खाली खाली लिहायच्या, माझ्या शीटमध्ये D3 पासून D10 पर्यंत. पहिल्या किमतीच्या एक ओळ वर आणि एक स्तंभ उजवीकडे, म्हणजे E2 मध्ये, उत्तराच्या सेलकडे बोट दाखवणारं सूत्र. D2 रिकामा. मग D2 पासून E10 पर्यंत सगळं निवडून Data Table उघडायचं.

तिथे दोन चौकटी येतात, Row input cell आणि Column input cell. मी पहिलीत किमतीचा सेल टाकला, कारण ती पहिली होती. ओके दाबलं तर E स्तंभात १३०, १४०, १६० असे आकडे आले. किमतीच जशाच्या तशा पुन्हा. पाऊण तास सूत्र तपासत बसले होते. सूत्रात काहीच चूक नव्हती. किमती स्तंभात उभ्या लिहिल्या असतील, तर किमतीचा सेल Column input cell मध्ये द्यायचा आणि वरची चौकट रिकामी ठेवायची. तुमच्या तक्त्यात उत्तरांऐवजी डाव्या स्तंभाचीच नक्कल दिसली, तर हेच झालंय असं समजा.

सुधारायला गेले तर एक सेल पुसताच येईना. Data Table चं उत्तर हा एकच गठ्ठा असतो, त्यातला तुकडा बदलता येत नाही. E3 ते E10 पूर्ण निवडून Delete करायचं आणि पुन्हा करायचं. आणखी एक, किमतीचा मूळ सेल त्याच शीटवर असावा लागतो. खर्च एका शीटवर आणि तक्ता दुसऱ्या शीटवर असं सुटसुटीत ठेवायचा माझा विचार होता, तो एक्सेलने चालू दिला नाही.

२ जून: अकौंटंट काका

वडिलांच्या ओळखीचे एक अकौंटंट काका आहेत. त्यांनी फी घेतली १,५०० आणि वेळ दिला दीड तास. माझ्या मते हे सगळ्यात योग्य ठिकाणी गेलेले पैसे.

काकांनी स्थिर खर्चाची यादी पेन्सिलीने एकेक ओळ वाचली. विम्यावर थांबले. "हे महिन्याचं आहे का?" नव्हतं, १२,००० वर्षाचे होते. बाकी सगळं महिन्याचं. म्हणजे विमा १,००० धरायला हवा होता. मग कर्जाच्या हप्त्यावर आले. हप्त्यात दोन भाग असतात, मुद्दल आणि व्याज. मुद्दल परत करणं हा खर्च नाही, घेतलेले पैसे परत देणं आहे. खर्च फक्त व्याज. पहिल्या वर्षी ते महिन्याला सरासरी १,५०० च्या आसपास येतं. मग यंत्राचं काय? त्याचा घसारा. यंत्र आणि जागेची मांडणी मिळून २,४०,०००, आठ वर्षं चालेल असं धरलं, शेवटी किंमत शून्य, तर महिन्याला २,५००. मी घसारा धरलाच नव्हता.

नवी बेरीज ३६,००० आली. भागिले ६०, बरोबर ६०० वह्या. मला इतकं हायसं वाटलं की मी फाइल बंदच करत होते. तेवढ्यात काकांनी विचारलं, "आणि तुझा पगार कुठे आहे गं?"

तो कुठेच नव्हता. वर्षभर घरी काम करताना जे उरेल ते आमचं, असाच हिशोब होता. काका म्हणाले, "उद्या तू आजारी पडलीस आणि तुझ्या जागी कुणाला बसवलं, तर तो फुकट बसेल का?" ताई तिच्या नोकरीतून वेळ काढून येते आणि तिने पैसे नकोत असं आधीच सांगितलं होतं. माझे १२,००० धरले. बेरीज ४८,०००, भागिले ६०, ८०० वह्या.

इथे एक गोष्ट मला अजून विचार करायला लावते. माझी पहिली बेरीज होती ४७,२५० आणि बरोबर बेरीज निघाली ४८,०००. फरक फक्त ७५०. म्हणजे उत्तर जवळपास बरोबर होतं, आणि त्यातल्या दोन ओळी चुकीच्या होत्या, आणखी दोन गायब होत्या; चुका एकमेकींना खाऊन टाकत होत्या. नुसतं उत्तर बघून कुणालाच ते कळलं नसतं. म्हणून काकांसारखं ओळ-ओळ वाचणारं कुणीतरी लागतं.

मुद्दल खर्चात नाही हे पटलं, तरी पैसे तर खिशातून जाणारच, ही माझी शंका होती. काका म्हणाले, त्यासाठी रोखीचा हिशोब वेगळा करायचा: ४८,००० मधून घसारा २,५०० काढायचा, कारण तो कुणाला द्यावा लागत नाही, आणि मुद्दल साधारण २,७०० घालायचं. झाले ४८,२००. माझ्या बाबतीत दोन्ही इतके जवळ आले की एकच आकडा पुरला. पण कर्जाची मुदत कमी आणि यंत्राचं आयुष्य जास्त असेल, तर हे दोन आकडे खूप लांब जातात आणि तेव्हा दोन्ही दाखवावेत.

८ जून: न हललेला तक्ता

घरी येऊन B1 मध्ये ४८,००० टाकले. B7 मध्ये ८०० आले. छापायच्या आदल्या रात्री ताई पान वाचत होती. ती म्हणाली, "वर ८०० लिहिलंय आणि खाली तक्त्यात २०० समोर ७८८ कसं?"

तक्ता जुन्याच खर्चावर थांबला होता. एक्सेलमध्ये Formulas खाली Calculation Options आहे, तिथे Automatic Except for Data Tables असा पर्याय असतो. मोठ्या फाइली सावकाश चालतात म्हणून लोक तो लावून ठेवतात. हा पर्याय फाइल उघडताना सोबत येतो. त्या दिवशी मी आधी एक जुनी मोठी फाइल उघडली होती आणि तिचाच पर्याय माझ्या शीटला लागला. F9 दाबलं की तक्ता ताजा होतो, किंवा पर्याय Automatic करायचा.

ताईने नकळत जी तपासणी केली, ती मी आता दर वेळी करते: आजची किंमत तक्त्यात एका ओळीत असलीच पाहिजे, आणि त्या ओळीचं उत्तर वरच्या मुख्य उत्तराशी तंतोतंत जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर पुढे वाचायचंच नाही.

२३ जून: गोल केलेले दोन आकडे

९ जूनला पूर्तता दिली. पोचपावती घेतली, ती घ्याच, कारण नंतर ३० दिवसांची मुदत पाळली का असा प्रश्न आला तेव्हा तीच कामाला आली. २३ जूनला बोलावणं आलं.

अधिकारी सरांनी माझ्या तक्त्यावर दोन ठिकाणी लाल गोल केले होते. १३० किमतीसमोर -४,८०० आणि १४० समोर `#DIV/0!`. त्यांनी शांतपणे विचारलं, "उणे चार हजार आठशे वह्या म्हणजे काय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीच समजावलं. किंमत बदलत्या खर्चापेक्षा कमी असेल तर प्रत्येक वहीवर तोटा आहे. जितक्या जास्त विकाल तितकं खोल जाल, म्हणून ब्रेक-इव्हन अस्तित्वातच नाही. सूत्र मात्र डोळे झाकून भागाकार करतं आणि एक उणे आकडा देतं. किंमत आणि बदलता खर्च बरोबर सारखे असतील तर शून्याने भागणं होतं. धोका असा की घाईत वाचणाऱ्याला उणे चिन्ह दिसलं नाही, तर ४,८०० हा खरा आकडा वाटतो. अशा ठिकाणी सूत्राने "नाही" असंच म्हणायला हवं.

ते मी त्याच संध्याकाळी दुरुस्त करत होते. शेजारी ताई जूनच्या कमिशनच्या पावत्या लावत बसली होती. मी तिला दाखवलं, बघ, १८० ला १,२०० वह्या लागतात. ती म्हणाली, "बदलता खर्च १४० कसा? १८० च्या वहीला कमिशन १८ कापतात, २० नाही." आणि पावती पुढे केली.

मी २० हा आकडा २०० च्या किमतीवरून काढला होता आणि १४० मध्ये पुरून टाकला होता. तक्ता किंमत बदलत होता, पण कमिशन २० वरच खिळलेलं होतं. म्हणजे २०० ची ओळ सोडली, तर तक्त्यातली एकही ओळ बरोबर नव्हती. आणि माझी ती जुळवून बघायची तपासणी ही चूक पकडूच शकत नव्हती, कारण जुळणारी ओळ नेमकी बरोबर असलेलीच होती.

शीट नव्याने मांडली. किमतीवर अवलंबून असलेला खर्च वेगळ्या सेलमध्ये टक्क्याने, आणि न अवलंबून असलेला वेगळा:

```
B1  48000                                  स्थिर खर्च
B2  200                                    किंमत
B3  120                                    कमिशनशिवाय बदलता खर्च
B4  10%                                    कमिशन
B5  =B3+B2*B4                              एकूण बदलता खर्च
B6  =B2-B5                                 अंशदान
B7  =IF(B6>0,ROUNDUP(B1/B6,0),"नाही")      लागणारे नग
E2  =B7
F2  =B6
```

तक्त्यात या वेळी दोन उत्तरं घेतली, E मध्ये लागणारे नग आणि F मध्ये अंशदान. निवड D2 ते F10, Column input cell मध्ये B2. जुनं आणि नवं शेजारी ठेवलं तेव्हा हे दिसलं:

| किंमत | अंशदान | लागणाऱ्या वह्या | आधी चुकीने आलेल्या |
|---|---|---|---|
| १३० | -३ | नाही | -४,८०० |
| १४० | ६ | ८,००० | #DIV/0! |
| १६० | २४ | २,००० | २,४०० |
| १८० | ४२ | १,१४३ | १,२०० |
| २०० | ६० | ८०० | ८०० |
| २२० | ७८ | ६१६ | ६०० |
| २४० | ९६ | ५०० | ४८० |
| २६० | ११४ | ४२२ | ४०० |

चुकीचा तक्ता किंमत वाढवण्याला जास्त गोड दाखवत होता आणि कमी करण्याला जास्त कडू. मी किंमत वाढवण्याच्याच विचारात होते, म्हणजे चूक माझ्या इच्छेच्या बाजूने होती. कदाचित म्हणूनच ती खटकली नाही. तुमच्या बदलत्या खर्चात कमिशन, रॉयल्टी, कार्डाचं शुल्क असं टक्क्यावर चालणारं काहीही असेल, तर ते आकडा म्हणून टाइप करू नका.

खातरजमा म्हणून G3 मध्ये Data Table न वापरता सरळ सूत्र लिहिलं आणि खाली ओढलं:

```
=IF(D3*(1-$B$4)>$B$3,ROUNDUP($B$1/(D3*(1-$B$4)-$B$3),0),"नाही")
```

सगळ्या ओळी जुळल्या. खरं तर एवढ्या लहान हिशोबाला हे सरळ सूत्रही पुरतं. गूगल शीट्समध्ये Data Table नाही, तिथे हाच मार्ग आहे. लिबरऑफिसमध्ये Data खाली Multiple Operations आहे. Data Table ची गरज खरी तेव्हा पडते, जेव्हा उत्तर एका ओळीच्या सूत्रात मावत नाही, मध्ये दहा-बारा सेलांतून वळत येतं.

तक्ता वाचायला शिकले ते

बरोबर तक्ता समोर आल्यावर मी बराच वेळ नुसती बघत बसले. १४० पासून पुढे किंमत प्रत्येक ओळीत २० नेच वाढते आहे, पण नग सारखे कमी होत नाहीत. १६० वरून १८० ला गेलं की ८५७ वह्या वाचतात. २४० वरून २६० ला गेलं की फक्त ७८. याचं कारण अंशदानाच्या स्तंभात आहे. २४ चं ४२ होणं म्हणजे पावणेदोन पट. ९६ चं ११४ होणं म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा वाढ. भागाकार अंशदानाने होतो, किमतीने नाही. म्हणून ज्याचं अंशदान मुळातच बारीक आहे, त्याने २० ची सूट देणं आणि ज्याचं जाड आहे त्याने देणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्षभर मी १८० ला विकताना कुणी मागितलं की सहज २० सोडत होते. घरच्या खोलीत भाडं आणि पगार नव्हता म्हणून ते निभलं. नव्या खर्चात ती सूट सगळ्यांना दिली असती, तर ८५७ वह्या जास्त विकाव्या लागल्या असत्या.

दुसरं, आमच्या हातांना मर्यादा आहे. नव्या जागेत मदतनिसासह दिवसाला ४० वह्या, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,०००. त्यामुळे १८० ची ओळ कागदावर आहे, पण आम्हाला १,१४३ करताच येणार नाहीत. दुसरा मदतनीस घ्यावा तर स्थिर खर्च ६२,००० होतो, आणि मग १८० ला १,४७७ लागतात. रेषा गाठायला माणूस घ्यावा, तर रेषाच पुढे सरकते. स्थिर खर्च हा एका टप्प्यापर्यंतच स्थिर असतो. म्हणून मी "नाही" ची आणि १,००० च्या वरच्या सगळ्या ओळी करड्या रंगाने भरल्या आणि खाली टीप लिहिली. उरल्या चार ओळी.

जुलै आणि ऑगस्ट: कोणत्या ओळीवर उभं राहणार?

३० जूनला सुधारलेलं पान घेऊन गेले. सरांनी या वेळी लाल पेन उघडलं नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही यातल्या कोणत्या ओळीवर असाल?"

मी म्हटलं, २४० ची चांगली दिसते, ५०० च लागतात. ते म्हणाले, "लागतात ५००. जातील किती?"

हा तक्ता त्याचं उत्तर देत नाही. प्रत्येक किमतीला किती विकावे लागतील एवढंच तो सांगतो. किती विकले जातील हे त्याच्या एकाही सेलमध्ये नाही. ते बाहेरून आणावं लागतं. आमच्याकडे १८० सोडून दुसऱ्या किमतीची नोंदच नव्हती. सरांनी पूर्ततेची मुदत लेखी अर्जावर सप्टेंबरपर्यंत वाढवून दिली. असा अर्ज करता येतो हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं म्हणून कळलं.

जुलैभर २२० ला विकल्या, ऑगस्टभर २४० ला. हे दोन महिने जड गेले. पहिल्या आठवड्यात दोन जुन्या गिऱ्हाइकांनी किंमत बघून घेणं थांबवलं आणि ताई म्हणाली, उतरवूया परत. मी म्हटलं महिना पूर्ण होऊ दे, अर्धवट आकडा कुणाच्याच कामाचा नाही. जुलैत ६४० गेल्या, ऑगस्टमध्ये ५६०. विक्री कमी झाली, पण तक्त्याशेजारी ठेवून बघा. २२० ला लागतात ६१६, गेल्या ६४०. नव्या जागेच्या खर्चाने मोजलं तर उरतात १,९२०. २४० ला लागतात ५००, गेल्या ५६०, उरतात ५,७६०. कमी वह्या, कमी शिवण, आणि रेषेपासून अंतर जास्त. दोन महिन्यांवरून कायमचा निष्कर्ष काढता येत नाही हे मी पानावर स्पष्ट लिहिलं, महिन्यांची नावं आणि आकडे जसेच्या तसे देऊन.

४ सप्टेंबर: शेवटचं पान

सरांनी आणखी एक मागितलं होतं: कागद महागला तर? त्यासाठी दोन बाजूंचा तक्ता केला. किमती खाली खाली, H3 ते H5. कमिशनशिवायचा बदलता खर्च आडवा, I2 ते K2 मध्ये १२०, १३०, १४०. या प्रकारात सूत्र कोपऱ्यातल्या सेलमध्ये जातं, म्हणजे H2 मध्ये `=B7`. Row input cell मध्ये B3, Column input cell मध्ये B2. आता दोन्ही चौकटी भरायच्या असतात, आणि त्या उलट भरल्या तर उत्तरं भलतीच येतात, माझ्या शीटमध्ये सगळीकडे "नाही", पण एक्सेल चूक म्हणून काही दाखवत नाही. २०० आणि १२० च्या छेदावर ८०० आहे का, एवढं बघितलं की खात्री होते.

२४० च्या ओळीत १२० ला ५००, १३० ला ५५९, १४० ला ६३२ आले. ऑगस्टची विक्री ५६०. म्हणजे प्रत्येक वहीवरचा खर्च १० ने वाढला, तर आमच्याकडे रेषेच्या वर एक वही उरते. हे वाचून पोटात गोळा आला, आणि हे पान लपवावं असंही क्षणभर वाटलं. काकांना फोन केला. ते म्हणाले, "लपवू नकोस. खाली लिही की असं झालं तर तू काय करशील." मी लिहिलं: कागद तीन महिन्यांचा एकदम घेऊ, आणि खर्च १० ने वाढला तर किंमत २६० करून महिनाभर पाहू.

४ सप्टेंबरला तीन प्रती दिल्या. फाइलसोबत पीडीएफही दिली, कारण समोरच्याच्या संगणकावर तक्ता ताजा होईल की नाही याचा भरवसा नव्हता. तीन आठवडे काहीच कळलं नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "प्रक्रियेत आहे." २६ तारखेला पत्र आलं. त्यात एक अट आहे: पहिलं वर्ष दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत विकलेले नग आणि ब्रेक-इव्हनचे नग शेजारी शेजारी कळवायचे.

१ ऑक्टोबरला नव्या जागेत आलो. कागद आणला तो ६ ने महाग निघाला. B3 मध्ये १२६ टाकले, F9 दाबलं, २४० समोर ५३४ आले. ३१ ऑक्टोबरला रात्री ताईने विकलेल्या वह्या मोजल्या: ५४८ गेल्या. माझा पगार धरून १,३२० उरले. पहिलं विवरण ७ नोव्हेंबरला दिलं, पोचपावती फाइलला लावली आहे.